साहेबांसाठी चार आकडे

6 नोव्हेंबर 2025, गुरुवार

आज साहेबांचं महिन्याचं पान नव्याने मांडलं. जुन्या पानावर गुगल ॲनालिटिक्समधलं बरंच काही होतं: सेशन्स, एंगेजमेंट रेट, इम्प्रेशन्स. साहेब वरून खाली नजर फिरवायचे आणि विचारायचे, "जाहिरातीचे पैसे वसूल झाले का?" आमचा धंदा मॉड्युलर किचनचा, त्यामुळे प्रश्न रास्तच. पण त्या पानावर उत्तर नव्हतं.

आता चारच आकडे ठेवलेत. जाहिरातीचा खर्च, नव्या चौकश्या, त्यातून पक्क्या झालेल्या ऑर्डरी आणि एका ऑर्डरमागचा खर्च. एकच माणूस फॉर्म भरतो, फोन करतो आणि व्हॉट्सॲपवर ओट्याचा फोटोही पाठवतो, म्हणून मोबाइल नंबर एक तर चौकशी एक. नोकरी मागणारे आणि माल विकायला येणारे त्यातून वगळले.

खरी डोकेदुखी चौथ्या आकड्याची. घरी जाऊन माप, मग डिझाइन, मग घरच्यांची चर्चा, यात महिना-दीड महिना सहज जातो. म्हणजे या महिन्यात पक्की झालेली ऑर्डर बहुधा मागच्या महिन्यांतल्या चौकशीची असते. महिन्याचा खर्च भागिले त्याच महिन्याच्या ऑर्डरी असं केलं, तर एखाद्या महिन्यात जाहिरात बंद ठेवली तरी ऑर्डरी येतच राहतील आणि खर्च दिसेल शून्य. साहेब लगेच म्हणतील, मग जाहिरात हवीच कशाला? फटका पुढे दोन महिन्यांनी बसेल.

म्हणून प्रत्येक ऑर्डर चौकशी आली त्या महिन्याच्या खात्यात टाकली. ऑगस्टमध्ये 36,000 रुपये खर्चून 60 चौकश्या आल्या. ऑगस्टअखेर त्यातल्या 4 पक्क्या होत्या, म्हणजे ऑर्डरमागे 9,000. हे बघून कुणीही घाबरेल. ऑक्टोबरअखेर त्याच 60 मधून 15 झाल्या आणि आकडा 2,400 वर आला. तेव्हा ऑर्डरमागचा खर्च दोन महिने मुरलेल्या महिन्याचाच दाखवायचा. सप्टेंबर आणि ऑक्टोबरसमोर फक्त पक्क्या किती आणि बोलणी किती जणांशी सुरू आहेत, एवढंच. टक्के मुद्दाम नाही दिले. साठातले पंधरा साहेबांना तसेच जास्त कळतात.

एक चौकट मात्र अडली आहे, "गेल्या वर्षीच्या तुलनेत". 2024 मध्ये लक्ष्मीपूजन 1 नोव्हेंबरला होतं, यंदा 21 ऑक्टोबरला. सणातली आणि नंतरची सामसूम गेल्या वर्षी मुख्यतः नोव्हेंबरात पडली, यंदा ऑक्टोबरचे शेवटचे दहा दिवस त्यात गेले. नुसता ऑक्टोबर ऑक्टोबरशी लावला तर चौकश्या घटल्या असंच दिसणार. दोन्ही महिन्यांची बेरीज दोन्ही वर्षांची घेतली तरच काही बोलता येईल, आणि ती नोव्हेंबर संपल्याशिवाय होणार नाही. तोवर त्या चौकटीत "डिसेंबरात" असं लिहून ठेवलंय. उद्या साहेब त्यावरच बोट ठेवणार, नक्की.