वर्गाचा थ्रीडी व्ह्यू केला आणि त्यात ऊन निघालं अमेरिकेचं

मी इंटिरियरचे थ्रीडी व्ह्यूज करते, बहुतेक फ्लॅट नाहीतर दुकानं. शाळेचं काम पहिल्यांदा आलं ते गेल्या डिसेंबरमध्ये, पुण्याजवळच्या एका शाळेचं. मुख्याध्यापिका मॅडमना मे महिन्याच्या सुट्टीत एका वर्गाचे बेंच आणि फळा बदलायचे होते, आणि संस्थेच्या मीटिंगला दाखवायला चित्रं हवी होती. वर्ग 20 बाय 24 फुटांचा. मुलं पश्चिमेकडे तोंड करून बसतात, डाव्या हाताला दक्षिणेच्या तीन खिडक्या, उजवीकडे कॉरिडॉर. उजव्या हाताने लिहिणाऱ्या मुलाच्या वहीवर हाताची सावली नको म्हणून खिडक्या डावीकडे, बांधणाऱ्याने तेवढं नीट केलं होतं.

मी स्केचअप या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये मॉडेल केलं. दोघांच्या बेंचच्या चार रांगा, रांगेत पाच बेंच, म्हणजे 40 मुलं. समोर 12 फुटी पांढरा बोर्ड. मग रेंडर, म्हणजे फोटोसारखे व्ह्यू काढले आणि खरं सांगते, मस्त आले होते. खिडकीतून ऊन आत येऊन थेट दुसऱ्या रांगेच्या बेंचपर्यंत पोचलेलं, सगळं सोनेरी. मी खूश.

मॅडमनी लॅपटॉपवर बघितलं आणि पहिलं वाक्य, "अहो, वर्ग एवढा मोठा कधी झाला?" दुसरं वाक्य, "आणि एवढं ऊन आत येत नाही आमच्याकडे, मी तीस वर्षं शिकवतेय इथे."

वर्ग मोठा दिसण्याचं कारण मला माहीत होतं, कॅमेऱ्याचा अँगल रुंद ठेवला की खोली ताणल्यासारखी दिसते, फ्लॅटच्या कामात आम्ही सर्रास करतो ते. पण उन्हाचं काय? मी म्हटलं सॉफ्टवेअर बरोबरच दाखवतं. मॅडम म्हणाल्या, "साडेबारा वाजत आलेत, चला वर." गेलो. बाहेर दोन फुटांचा छज्जा, आत उन्हाचा पट्टा बेंचच्या उंचीवर खिडकीपासून जेमतेम 2 फूट. माझ्या चित्रात 7 फूट!

रात्री घरी बसून शोधलं. मॉडेलची लोकेशनच टाकली नव्हती मी. आणि लोकेशन टाकली नाही की स्केचअप स्वतःचं गाव धरतं, माझ्या फाइलमध्ये ते होतं `Boulder (CO)`, म्हणजे अमेरिकेतलं कोलोरॅडो, 40 अक्षांशावर. तिथे डिसेंबरच्या दुपारी सूर्य क्षितिजापासून साडेसव्वीस अंशांवर असतो, म्हणून ऊन तिरपं होऊन खोलवर घुसतं. आपलं पुणे साडेअठरावर, इथे तोच सूर्य 48 अंशांवर. तेवढा वर गेला की छज्जा बरंचसं अडवतो. इतकी वर्षं फ्लॅटच्या हॉलमध्ये मी कोलोरॅडोचं ऊन विकत होते आणि कोणी विचारलं नाही, कारण सोफ्यावर ऊन कुठपर्यंत येतं याच्याशी कोणाला देणंघेणं नसतं.

मग लोकेशन टाकली, वेळ भारताची, `UTC+05:30` केली आणि दुसऱ्या दिवशी परत जाऊन उत्तर दिशा फोनच्या कंपासने घेतली. (हे लोखंडी कपाट नाहीतर खिडकीच्या ग्रिलजवळ उभं राहून करू नका, काटा भरकटतो. मी पटांगणात जाऊन घेतली.) मॉडेल तेवढं फिरवलं, डिसेंबर साडेबारा लावलं, आणि पट्टा आला बरोबर 2 फुटांवर. मॅडमनी टेपने मोजलेल्या आकड्याशी जुळला तेव्हा कुठे मला स्वतःच्या मॉडेलवर भरवसा आला.

पण खरी गंमत पुढे. मॅडम म्हणाल्या, वरून कशाला दाखवता, मला मुलाच्या जागेवरून दाखवा. मी सगळे व्ह्यू उभ्या माणसाच्या डोळ्याच्या उंचीवरून काढले होते, साडेपाच फुटांवरून. कॅमेरा साडेतीन फुटांवर आणला, कॉरिडॉरच्या बाजूच्या पहिल्या बेंचवर ठेवला. तरी बोर्ड स्वच्छ पांढरा. मॅडम म्हणाल्या शेजारच्या वर्गात असाच पांढरा बोर्ड आहे, तिथे या कोपऱ्यातली पोरं "बाई दिसत नाही" म्हणून ओरडतात. मग लक्षात आलं, मी बोर्डाला नुसता पांढरा रंग दिला होता, चकाकी शून्य. म्हणजे माझ्या चित्रातला बोर्ड खडूच्या फळ्यासारखा वागत होता. मटेरियल गुळगुळीत केलं आणि बोर्डाच्या डाव्या भागात आख्खी खिडकी उमटली.

हे रेंडर न करता पण काढता येतं, आरशाचाच हिशोब आहे. मूल खिडकीच्या भिंतीपासून 18 फुटांवर आणि बोर्डापासून 8 फुटांवर बसलंय. पहिली खिडकी बोर्डापासून 3 ते 7 फुटांत आहे, मधला 5 फूट धरा. 18 गुणिले 5, भागिले 8 अधिक 5, म्हणजे 13. आलं साधारण 7. म्हणजे खिडकीच्या भिंतीपासून 7 फुटांवर, बोर्डावर, त्या मुलाला खिडकीचा उजेड दिसणार. आमचा बोर्ड 4 फुटांपासून सुरू होतो, म्हणजे अगदी लिहायच्या जागेवर. खात्री करायची तर बोर्डावर छोटा आरसा धरायचा आणि मुलाच्या जागेवर बसून बघायचं, आरशात खिडकी दिसली की तिथे चकाकणार. मॅडमनी शिपाईकाकांना आरसा धरायला लावला आणि स्वतः प्रत्येक कोपऱ्यातल्या बेंचवर बसून आल्या, मी वहीत खुणा करत होते.

शेवटी ठरलं की डावा 8 फूट मॅट हिरवा खडूचा फळा आणि उजवीकडे 4 फूट पांढरा. पांढऱ्यावर पण त्याच कोपऱ्यातल्या पहिल्या मुलाला शेवटच्या खिडकीचा एक पट्टा दिसतोच, मी चित्रात लपवला नाही, मॅडम म्हणाल्या तेवढं चालेल. फळ्याजवळच्या खिडकीला एक पडदा. आणि बेंचचा वरचा सनमायका ग्लॉसी निवडला होता तो मॅट केला, कारण तोच प्रकार वहीच्या आजूबाजूला.

एक गोष्ट मात्र मी चित्रातून दाखवू शकले नाही. कॉरिडॉरच्या बाजूची रांग रेंडरमध्ये छान उजळ दिसते, कारण सॉफ्टवेअर एक्सपोजर आपोआप वाढवतं, मोबाईलचा कॅमेरा करतो तसंच. प्रत्यक्षात खिडकीची वरची कड 7 फुटांवर असेल तर उपयोगाचा उजेड तिच्या दोन-अडीच पट आत पोचतो, म्हणजे 14 ते 17 फूट, आणि ती रांग त्याच्या पलीकडे सुरू होते. उजेड मोजायचा लक्स मीटर उसना आणून ढगाळ सकाळी मोजलं तर तिथे 110 लक्स आलं, वर्गात साधारण 300 धरतात. म्हणून ट्यूबच्या दोन लाइन खिडकीला समांतर आणि वेगवेगळ्या बटणावर घेतल्या, आतली एकटी लावता येईल अशी.

मीटिंगला सोनेरी उन्हाचं चित्र न्यायचं नाही असं मॅडमनी आधीच सांगितलं होतं. त्या घेऊन गेल्या कोपऱ्यातल्या बेंचवरून काढलेली दोन चित्रं, एक गुळगुळीत बोर्डाचं आणि एक हिरव्या फळ्याचं. दहा मिनिटांत मंजूर झालं म्हणे. माझं बिल मात्र अजून अर्धं बाकी आहे.