बुंदीचं पोट आणि सोसायटीचा दाखला

पावसाळा लागला की वारज्याच्या माझ्या दवाखान्यात लहान पिल्लं उताणी करून पोटं बघण्यात निम्मी संध्याकाळ जाते. बहुतेक पोटं साधी असतात. कुणाला मुंग्या चावलेल्या असतात, कुणी ओल्या पोत्यावर झोपून लाल झालेलं असतं. बुंदीचं प्रकरण मात्र पोटावर थांबलं नाही, सोसायटीच्या कमिटीपर्यंत गेलं. तिथे मी जे लिहून दिलं, आणि जे लिहिलं नाही, ते अजून डोक्यात घोळतंय.

बुंदी अडीच महिन्यांची लॅब्राडॉर. वजन जेमतेम साडेचार किलो, बरगड्या हाताला लागतात आणि पोट टम्म. तिला घेऊन आलेल्या ताईंबरोबर त्यांच्या सासूबाई होत्या, आणि पाच वर्षांचा मुलगा. मुलाच्या नाकाखाली आणि ओठाच्या कडेला मधासारख्या पिवळ्या खपल्या. सासूबाई दारातूनच म्हणाल्या, "डॉक्टर, हातमोजे घाला हो. आमच्या बाळाला हिच्यामुळेच झालंय."

बुंदीच्या मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि बेंबीखाली, जिथे पिल्लांना केस जवळजवळ नसतातच, तिथे दोन-तीन मिलीमीटरच्या पिवळट पुटकुळ्या होत्या. काही भरलेल्या, काही फुटलेल्या. फुटलेल्यांच्या जागी गोल, कडेला पापुद्रा सुटलेली रिंगणं उरली होती. सगळा घोटाळा या रिंगणांनी केला. पुटकुळी फुटली की तिचं पातळ छत उडतं आणि त्याची कड गोलाकार सोलत जाते. दिसायला अगदी नायटा. ताईंनी फोनवर काढलेला फोटो केमिस्टला दाखवला. त्यानं एका नजरेत नायटा ठरवून माणसांचं मलम काढून दिलं.

त्या मलमाची ट्यूब ताईंनी पर्समधून काढली तेव्हा मी मनातल्या मनात कपाळाला हात लावला. बुरशीचं औषध, अँटिबायोटिक आणि वर तगडं स्टेरॉइड, असं तिन्ही एकात. आपल्याकडे हे मलम भावाला, वहिनीला, शेजाऱ्याला आणि आता कुत्र्यालाही लावलं जातं. स्टेरॉइडमुळे लाली दोन दिवसांत ओसरते, घरचे खूश होतात. पण ते त्या जागेची प्रतिकारशक्तीच दाबून ठेवतं, त्यामुळे पुटकुळ्या परत येतात, कधी आधीपेक्षा जास्त. शिवाय पिल्लू पोट चाटतं, म्हणजे अर्धं मलम पोटात जातं. सासूबाईंनी त्यावर हळद आणि खोबरेलही लावलं होतं. हळदीचं मला फारसं काही वाटलं नाही, पण दमट हवेत तेलाचा थर जखमेवर धरून ठेवणं काही कामाचं नाही.

आता तपासणीकडे येते, कारण घाईच्या ओपीडीत हेच गाळलं जातं आणि त्याचा मला राग आहे. पुटकुळी बघून इंजेक्शन देणारे आमच्यातही कमी नाहीत. मी एक न फुटलेली पुटकुळी निवडली. सगळ्यात बारीक सुई त्वचेला आडवी, समांतर धरून तिचं फक्त छत फोडलं. खाली टोचायचं नाही, नाहीतर नुसतं रक्त येतं. वर आलेल्या थेंबावर काच हलकेच टेकवली, वाळवली, रंगांच्या तीन बाटल्यांत बुडवून रंगवली आणि सूक्ष्मदर्शकाच्या तेलाच्या भिंगाखाली घेतली. दहा मिनिटांचं काम. काचेवर पांढऱ्या पेशींचा खच होता, आणि कित्येक पेशींच्या पोटात जांभळे गोल ठिपके, दोन-दोन, चार-चार. जिवाणू पेशींच्या बाहेर नुसते विखुरलेले असते तर ते कातडीवरचे नेहमीचे रहिवासी असू शकले असते. पेशींनी त्यांना गिळलं आहे, म्हणजे शरीर त्यांच्याशी लढतंय आणि हा संसर्ग खरा आहे.

तरीही खरवडून बघितलं. पिल्लांच्या केसांच्या मुळात राहणारा डेमोडेक्स नावाचा किडा अशाच पुटकुळ्या आणू शकतो. त्यासाठी कातडी चिमटीत दाबून, पात्यानं अगदी किंचित रक्त ओघळेपर्यंत खरवडावं लागतं, वरवर खरवडून तो सापडत नाही. सापडला नाही. खरूज असती तर पिल्लानं रात्र रात्र खाजवलं असतं आणि कानाची कड घासली की मागचा पाय आपोआप हलायला लागला असता. बुंदी खाजवत नव्हती, पाय ढिम्म. रिंगणांच्या कडेचे केस उपटून बघितले, त्यांवर बुरशी नव्हती. ताप नव्हता, नाक-डोळे स्वच्छ होते. हे मुद्दाम बघते, कारण डिस्टेंपर या कुत्र्यांच्या जीवघेण्या विषाणूजन्य आजारातही पोटावर अशा पुटकुळ्या येऊ शकतात, आणि तसं निघालं तर पोटाची काळजी सगळ्यात शेवटी करायची असते.

म्हणजे हा पिल्लांचा साधा पायोडर्मा, जिवाणूंमुळे कातडीला होणारा पुवाचा संसर्ग. जिवाणूचं नाव स्टॅफिलोकोकस स्यूडइंटरमीडियस. तो धडधाकट कुत्र्यांच्या कातडीवर, नाकात, तोंडातही असतोच. कातडी नाजूक, वर बाल्कनीतलं ओलं पोतं, त्यातच शू, कमी पोषण आणि पोटात जंत, एवढं जमून आलं की तो डोकं वर काढतो. एका विणीतल्या दोन-तीन पिल्लांना एकदम झालं तर लोकांना लागण वाटते, पण बहुतेकदा ती सगळी एकाच घाणीत झोपलेली असतात.

ताईंचा प्रश्न अर्थातच मुलाचा होता. त्यांच्या बालरोगतज्ज्ञांनी पिल्लू न बघताच 'कुत्रा घराबाहेर काढा' असं सांगितलं होतं. मी माणसांची डॉक्टर नाही, मुलाला औषध सांगणं माझं काम नाही. पण एवढं सांगितलं की मुलांच्या तोंडाजवळ येणाऱ्या अशा खपल्यांमागे साधारणपणे वेगळे जिवाणू असतात, स्टॅफिलोकोकस ऑरियस किंवा स्ट्रेप्टोकोकस, आणि ते मुलाकडून मुलाकडे, टॉवेलमधून, नाक पुसलेल्या हातातून जातात. ताई विचार करून म्हणाल्या, "त्याच्या वर्गात अजून दोघांना झालंय." कुत्र्याचा जिवाणू माणसाला कधीच लागत नाही असं नाही. उघडी जखम असेल, प्रतिकारशक्ती कमी असेल, तर क्वचित लागल्याची उदाहरणं आहेत. म्हणून पोटाला हात लावल्यावर साबणानं हात धुवा आणि मुलाच्या तोंडावरून तिला जीभ फिरवू देऊ नका, असं बजावलं. मुलाच्या खपलीचा स्वॅब झाला नव्हता, त्यामुळे त्याला नेमकं काय झालं होतं याचा कागद ना त्या डॉक्टरांकडे होता, ना माझ्याकडे.

"एखादं इंजेक्शन मारा ना, लवकर बरं होईल," हे अपेक्षेप्रमाणे आलंच. पुटकुळ्या कातडीच्या अगदी वरच्या थरात आहेत. तिथे बाहेरून औषध थेट पोचतं, त्यासाठी अख्ख्या शरीरात अँटिबायोटिक फिरवायची गरज नाही. उठसूट दिलेल्या गोळ्यांमुळे या जिवाणूचे असे वाण झालेत की प्रयोगशाळेचा रिपोर्ट आला की त्यावर चालणारं औषध शोधावं लागतं. तेव्हा उपाय साधा: कुत्र्यांसाठीचा क्लोरहेक्सिडीनचा शाम्पू, दिवसाआड. कोमट पाणी, फक्त पोट आणि मांड्या, आणि फेस दहा मिनिटं तसाच ठेवायचा. घड्याळ लावून दहा मिनिटं. लोक दोन मिनिटांत धुऊन टाकतात आणि मग शाम्पू चालत नाही म्हणतात. अडीच महिन्यांचं पिल्लू दहा मिनिटं धरून ठेवणं सोपं नाही, हे मान्य. ताटाला दही फासून समोर धरा, ती चाटत बसते. नंतर धुऊन पूर्ण कोरडं करायचं. मधल्या दिवशी त्याच औषधाच्या ओल्या वाइप्सनी पुसायचं. डेटॉल, सॅव्हलॉन नाही, पुटकुळ्या दाबायच्या नाहीत, मलम बंद, पोतं बंद. झोपायला जुनी सुती चादर, रोज धुतलेली.

आणि जंताचं औषध. खरं तर माझी काळजी तिथे होती. टम्म पोट आणि बाहेर आलेल्या बरगड्या बघून शी तपासली, तर गोल जंतांची अंडी खच्चून भरलेली. पिल्लांना हे जंत बहुधा जन्माआधीच आईकडून मिळतात. आणि पुटकुळ्यांपेक्षा माणसाच्या मुलाला हेच लागू शकतं. ताज्या शीमधून लगेच नाही. अंडी मातीत दोनेक आठवडे पडून राहिल्यावर धोकादायक होतात, आणि मातीत खेळलेला हात तोंडात गेला की पोटात जातात. म्हणून शी रोजच्या रोज उचलायची, तीन दिवस औषध द्यायचं, दोन आठवड्यांनी पुन्हा. सासूबाईंनी हे शांतपणे ऐकलं, मान डोलावली आणि विचारलं, "पण पुटकुळ्यांचं काय?"

आठवड्याभरानं बुंदी आली तेव्हा नवी पुटकुळी एकही नव्हती, फिकट डाग होते. अजून आठवडाभर धुवायला सांगितलं. धुऊनही नव्या येत राहिल्या असत्या, तर पू तपासायला पाठवून मगच गोळ्यांचा विचार केला असता.

ताईंच्या हातात या वेळी सोसायटीचं पत्र होतं. 'सदर श्वानास संसर्गजन्य रोग नाही' असा डॉक्टरांचा दाखला मिळेपर्यंत पिल्लू लिफ्टमध्ये आणू नये. मी लिहून दिलं: पोटावरच्या पुटकुळ्या जिवाणूंमुळे झाल्या होत्या, तपासणीत खरजेचे किडे वा बुरशी आढळली नाही, इतर कुत्र्यांना किंवा निरोगी माणसांना यापासून लागण होण्याची शक्यता नगण्य आहे. दुसऱ्या दिवशी सेक्रेटरींचा फोन. 'नगण्य' काढून 'शून्य' लिहा, कमिटीला तसं हवंय. मी नाही म्हणाले. शून्य मला लिहिता येत नाही.

जंतांचं मी लिहिलं नव्हतं. कुणी विचारलं नव्हतं, औषध सुरू होतं, आणि लिहिलं असतं तर बुंदी त्या दिवशीच सोसायटीबाहेर गेली असती, हेही मला कळत होतं. पण त्या सोसायटीत मुलांसाठी वाळूचा एक चौकोन आहे. रात्री तो उघडाच असतो आणि आसपासची कुत्री-मांजरं तिथे येतात. बुंदी त्यात कधी गेलीच नव्हती. फोनवर होतेच, म्हणून सेक्रेटरींना म्हटलं, दाखल्याचं राहू द्या, पण त्या वाळूवर रात्री ताडपत्री टाका आणि वाळू अधूनमधून बदला. पोटातल्या जंतांची खरी गोष्ट तिथे आहे.

"मॅडम, तो विषय वेगळा आहे," ते म्हणाले. "तो एजीएममध्ये घ्यावा लागेल."