गाडी लागली आणि उलटी झाली

ठाण्याच्या कोर्ट नाक्याजवळ एका जुन्या इमारतीत माझे अनुवादाचे छोटे कार्यालय आहे. खरेदीखते, मृत्युपत्रे, पंचनामे आणि पोलिसांनी लिहून घेतलेले जबाब मराठीतून इंग्रजीत करून देणे हे माझे रोजचे काम. त्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास मोटार अपघातांचे दावे चालवणाऱ्या एक वकीलबाई आल्या. त्यांच्या हातात एका जबाबाची छायाप्रत, त्याचा दुसरीकडून करून घेतलेला इंग्रजी अनुवाद आणि विमा कंपनीचे एक पत्र होते. दावा तडजोडीने मिटवण्याची बोलणी चालली होती. कंपनीचे निर्णय घेणारे अधिकारी महाराष्ट्राबाहेरचे असल्यामुळे मराठी कागद त्यांना इंग्रजीत द्यावे लागले होते, आणि आता त्यांनी रक्कम देण्यास नकार कळवला होता. तुमच्याच साक्षीदाराच्या म्हणण्याप्रमाणे वृद्ध बाईंना आधी एका वाहनाची धडक बसली, ते वाहन उलटले आणि टेम्पो त्यानंतर आला. तेव्हा इजेची जबाबदारी टेम्पोच्या विम्यावर कशी येईल, असे त्या पत्रात विचारले होते.

"मॅडम, गाडी उलटली असे माझ्या पक्षकारांपैकी कोणीच म्हणत नाही. पंचनाम्यातही मोटारीचा फक्त मागचा भाग चेपलेला आहे. मग अनुवादात हे आले कुठून?" वकीलबाईंनी विचारले.

मी मूळ जबाब वाचायला घेतला. तो जखमी बाईंच्या सुनेचा होता. वसईहून घोडबंदर रस्त्याने ठाण्याकडे येताना घडलेला प्रसंग तिने सांगितला होता, आणि पोलिसी जबाबात स्वल्पविराम क्वचितच असतो, तसाच इथेही नव्हता. वादाचा भाग असा होता:

"गायमुखचा घाट उतरल्यावर आईंना गाडी लागली आणि उलटी झाली म्हणून यांनी गाडी बाजूला लावली. आई उतरून चूळ भरीत असताना मागून टेम्पो येऊन आमच्या गाडीवर आदळला व आईंच्या पायाला लागले. मग टेम्पोवाल्याने गाडी काढली."

पहिले वाक्य वाचताच सासूबाईंना वळणांमुळे मळमळून आले हे मला कळले होते. पण मला कळले एवढे सांगून कंपनीच्या अधिकाऱ्याचे समाधान होणार नव्हते. दुसरा अर्थ का होऊ शकत नाही, हे मराठी न येणाऱ्या माणसाला पटेल अशा रीतीने मांडायचे होते. त्या खटाटोपात पुढचे तीन तास गेले.

वकीलबाईंनी लगेच सुचवले की सुनेला दूरध्वनी करून विचारून घ्यावे. मी तसे करू दिले नाही. तिने आज दिलेले स्पष्टीकरण म्हणजे नवे निवेदन ठरले असते, आणि मला अनुवाद करायचा होता तो त्या दिवशी कागदावर उतरलेल्या शब्दांचा. त्यांचा अर्थ त्या कागदावरच सापडायला हवा होता.

पहिल्या अनुवादकाची चूक मी जितकी निरखून पाहिली तितकी ती मला समजण्यासारखी वाटू लागली. "आईंना गाडी लागली" या तीन शब्दांत व्याकरणाची काहीच मदत मिळत नाही. प्रवासाचा त्रास झाला असला तरी 'आईंना', वाहनाचा धक्का लागला असला तरी 'आईंना', आणि जायला वाहनाची गरज पडली असली तरी 'आईंना'च. स्थानकात फलाटावर गाडी लागते तेव्हा मात्र असे कोणाला तरी लागत नाही, म्हणून तेवढा एक अर्थ सहज बाद होतो. उरलेल्या तिघांमधून निवड करण्यासाठी आपण पुढच्या शब्दांकडे पाहतो, आणि इथे नेमका पुढचा शब्दच दोन अर्थांचा होता. 'उलटी' हे ओकारीचे नाम आहे, तसेच ते 'उलटा' या विशेषणाचे स्त्रीलिंगी रूपही आहे. 'गाडी'ही स्त्रीलिंगी असल्यामुळे 'उलटी झाली' हे तिला बिनतक्रार जुळते. सुनेने गाडीऐवजी एखाद्या पुल्लिंगी वाहनाचे नाव घेतले असते, तर ते उलटे पडल्यावर 'उलटा झाला' असे म्हणावे लागले असते. सासूबाईंना दोनदा त्रास झाला असता, तर 'उलट्या झाल्या' असे लिहिले गेले असते. या दोहोंपैकी काहीही घडले असते तरी गोंधळ झाला नसता.

म्हणजे इथे दोन शब्द परस्परांचे साक्षीदार झाले होते. 'लागली' म्हणजे धडक बसली असे एकदा धरले की 'उलटी झाली' म्हणजे वाहन पालथे झाले हे ओघाने येते, आणि वाहन पालथे झाले असे धरले की धडकेचा अर्थ आणखी पक्का वाटतो. उलट मळमळ आणि ओकारी हीही तितकीच एकमेकांना धरून असलेली जोडी आहे. इंग्रजीतही असे घडते. 'बँक' म्हणजे पेढी आणि नदीचा काठसुद्धा. हा पेच सोडवायला शेजारी 'डिपॉझिट' शब्द आला तर सुटल्यासारखे वाटते, पण पेढीत ठेवलेली रक्कम जशी डिपॉझिट, तसाच काठावर साचलेला गाळही डिपॉझिटच. शेजारचा शब्द स्वतःच अनेकार्थी असेल, तर एकेका शब्दाचा अर्थ सुटा ठरवता येत नाही. दोन्हींचे अर्थ जोडीने ठरवावे लागतात आणि त्यांतली कोणती जोडी बरोबर हे त्यांच्या बाहेरच्या शब्दावर तपासावे लागते.

यंत्राने अनुवाद करण्याचा विचार ज्यांनी आरंभी मांडला, त्यांपैकी वॉरन वीव्हर यांनी 1949 मधील टिपणात हाच प्रश्न एका साध्या कल्पनेने समजावला होता. पुस्तकाच्या पानावर एक अपारदर्शक कागद ठेवावा आणि त्याला एकच शब्द दिसेल एवढे भोक पाडावे. त्या एकट्या शब्दाचा अर्थ सांगता येणार नाही. मग भोक दोन्ही बाजूंना रुंदावत जावे, म्हणजे केव्हा तरी अर्थ ठरेल. मी त्या संध्याकाळी दोन कोरे कागद घेऊन जबाबावर अक्षरशः तसेच करून पाहिले. 'लागली' मध्ये ठेवून उजवीकडचे तीन शब्द उघडले की 'आणि उलटी झाली' दिसते, आणि तिथे चुकीचा अर्थ बळावतो. डावीकडे चौथा शब्द 'घाट' येतो. मला त्यावरून मळमळ आठवते, पण घाटात अपघातही होतात, म्हणून तो निर्णायक पुरावा नव्हे. उजवीकडचा आठवा शब्द 'लावली' उघडला, की मात्र चित्र बदलते. पालथी झालेली गाडी चालक रस्त्याच्या बाजूला लावू शकत नाही. अकरावा शब्द 'चूळ'. या शब्दाला दुसरा अर्थ चिकटलेला नाही, आणि ओकारी झालेले माणूस रस्त्याच्या कडेला उतरून चूळ भरते हे कोणालाही सांगावे लागत नाही.

आधीच्या अनुवादात चूळ भरण्याच्या जागी 'पाणी पीत असताना' असे भाषांतर केलेले होते. ते पाहून मला वाईट वाटले, कारण अर्थाची निवड ज्या शब्दावर ठरत होती तोच ढोबळ करून टाकला गेला होता. असे का झाले असावे याचाही मला अंदाज येतो. फाइलवर मोटार अपघाताचा दावा असे लिहिलेले असते, आणि अशा कागदांत धडक, उलटणे, फरफटणे हेच शब्द वारंवार येतात. विषयाचा असा मोठा संदर्भ वाचणाऱ्याच्या मनात आधीच एक अर्थ बसवून ठेवतो, आणि मग वाक्यातला जवळचा संदर्भ त्याच्या विरोधात बोलत असला तरी ऐकू येत नाही. या दोन संदर्भांत विरोध आला तर माझा कौल वाक्यातल्या संदर्भाला असतो.

भाषेच्या संगणकीय अभ्यासात एक सोय सांगितली जाते. गेल, चर्च आणि यारोव्स्की यांनी 1992 मध्ये दाखवले की एका लेखनात अनेकार्थी शब्द बहुधा एकाच अर्थाने पुन्हा पुन्हा येतो. एखाद्या लेखात बँक एकदा पेढी ठरली, की पुढेही ती पेढीच असते. इंग्रजी नामांपुरते हे पुष्कळ उपयोगी असेल, पण आपल्या 'लागणे'ला ते लावून चालत नाही. त्या एका पानाच्या जबाबात हे क्रियापद पाच वेळा होते: ठाण्याला यायला दीड तास लागतो, अंधार पडू लागला होता, आईंना गाडी लागली, पायाला लागले, उचलून न्यावे लागले. पाच वेळा आले आणि पाचही वेळा अर्थ निराळा. खाली 'पायाला लागले' म्हणजे इजा झाली, म्हणून वरच्या 'लागली'तही इजाच असावी, असा तर्क इथे सरळ खड्ड्यात नेतो.

कंपनीला पाठवायच्या टिपणात मी हे सगळे घातले नाही. बदलून पाहण्याची एकच कसोटी लिहिली. वादग्रस्त शब्दांच्या जागी दोन्ही अर्थांचे निःसंदिग्ध शब्द एकामागून एक ठेवून संपूर्ण उतारा दोनदा इंग्रजीत दिला. पहिल्या वाचनात मळमळ, ओकारी, गाडी कडेला थांबवणे, उतरून चूळ भरणे आणि मग टेम्पो, अशी घटनांची साखळी कुठेही तुटत नाही. दुसऱ्या वाचनात धडक बसलेली बाई आणि उलटलेली गाडी दोन्ही पुढच्याच क्षणी धडधाकट होतात, गाडी कडेला लावली जाते, आणि ज्या वाहनाने पहिली धडक दिली त्याचा पुन्हा उल्लेखही येत नाही. इंग्रजीत या दोन अर्थांसाठी निराळे शब्द आहेत, त्यामुळे मूळची संदिग्धता तशीच ठेवण्याची सोय अनुवादकाला नसते; एक अर्थ निवडून त्याचे कारण द्यावे लागते.

टिपण वाचून वकीलबाईंचा चेहरा उजळला. मग त्यांनी शेवटच्या वाक्यावर बोट ठेवले. "आणि इथे 'टेम्पोवाल्याने गाडी काढली' म्हणजे तो पळून गेला, असे स्पष्ट लिहा ना."

ते मी लिहू शकले नाही. 'गाडी काढली' म्हणजे त्याने आपला टेम्पो सुरू करून तिथून पोबारा केला असेल. किंवा वाहतूक अडली म्हणून तो मार्गातून बाजूला घेतला असेल. किंवा मोटारीत अडकलेला टेम्पो मागे घेऊन सोडवला असेल. मी भोक रुंदावत जबाबाच्या शेवटच्या ओळीपर्यंत नेले. पुढे रिक्षा, रुग्णालय आणि नातेवाइकांचे येणे एवढेच होते. टेम्पोवाल्याचे नाव पुन्हा कुठेही नव्हते. 'मग' या शब्दावरून एवढेच कळते की हे धडकेनंतर घडले. पळून जाण्याचा अर्थ दाव्याला अनुकूल होता आणि कदाचित तो खराही असेल, पण त्याच्या बाजूने उभा राहणारा एकही शब्द त्या पानावर मला सापडला नाही. 'लागली'च्या बाबतीत ज्या कसोटीवर मी दुसऱ्याचा अनुवाद चुकीचा ठरवला होता, त्याच कसोटीवर हा बदल टिकत नव्हता.

अनुवादात मी टेम्पोचालकाने वाहन हलवले एवढेच ठेवले आणि तळटीपेत तिन्ही शक्यता दिल्या. वकीलबाई थोडा वेळ गप्प राहिल्या. साडेसातला मी सही-शिक्का करून कागद त्यांच्या हाती दिले, तेव्हा त्यांनी आपल्या प्रतीवर त्या वाक्याखाली रेघ ओढली आणि समासात सुनेला विचारायचा प्रश्न लिहून घेतला: गाडी काढली म्हणजे त्याने नेमके काय केले?