फेस स्वॅप लॉग, आठवडा ५: आयडी स्कोअर ०.८६ आला, पण मामीने ओळखलं नाही

मागच्या वेळी लिहिलं होतं की जनरेटर, म्हणजे नवा चेहरा काढणारं नेटवर्क, एकदाचा स्थिर झालाय, रंग फाटत नाहीत, तोंड हलतंय. या आठवडाभर मी फक्त एकाच गोष्टीच्या मागे होतो, स्वॅप झालेला चेहरा सोर्सवाल्या माणसाचा का वाटत नाही. सोर्स, म्हणजे ज्याचा चेहरा लावायचा तो, माझा मामेभाऊ, त्याला विचारूनच त्याचे १४ फोटो घेतलेत आणि ज्यावर चेहरा लावायचा त्या टार्गेट व्हिडिओत मी स्वतः आहे, त्यामुळे दोन्ही चेहरे घरचेच.

नवीन आलेल्यांसाठी सेटअप थोडक्यात: सिमस्वॅप या फेस स्वॅपच्या पेपरच्या धर्तीचं मॉडेल, २२४ पिक्सेलचा क्रॉप, ट्रेनिंगला व्हीजीजीफेस२ हा चेहऱ्यांच्या फोटोंचा डेटासेट. सोर्सच्या फोटोतला एकही पिक्सेल जनरेटरपर्यंत पोचत नाही. फोटो आधी आर्कफेसमधून जातो (हे २०१९ चं फेस रेकग्निशन नेटवर्क, वजनं गोठवलेली) आणि बाहेर ५१२ आकड्यांचा एक व्हेक्टर येतो. त्याची लांबी १ करून घेतली की उरते ती फक्त दिशा. जनरेटरला माझ्या मामेभावाबद्दल जे काही माहिती असतं ते या दिशेत असतं, बाकी काही नाही.

ही दिशा दोन ठिकाणी काम करते. पहिलं ठिकाण जनरेटरच्या पोटात, सिमस्वॅपमध्ये मधोमध ९ आयडी ब्लॉक आहेत, तिथे ५१२ आकड्यांवरून एक लेयर प्रत्येक चॅनलसाठी दोन आकडे काढते, एकाने गुणायचं आणि दुसरा मिळवायचा:

```python
gamma, beta = fc(z_src).chunk(2, dim=1)
gamma, beta = gamma[..., None, None], beta[..., None, None]
h = (h - mu) / sigma
h = gamma * h + beta
```

इथे एक गोष्ट नीट बघा, कारण शेवटी तीच आडवी येणारे. `gamma` आणि `beta` अख्ख्या चॅनलला एकच असतात, डोळ्यापाशी वेगळे आणि हनुवटीपाशी वेगळे असं काही नाही. म्हणजे व्हेक्टर सांगतो "कशा प्रकारचं नाक", पण "कुठे" हे सगळं टार्गेटच्या फीचर मॅपवरून येतं.

दुसरं ठिकाण म्हणजे लॉस, ट्रेनिंगमध्ये जनरेटरची चूक मोजणारा आकडा. जनरेटरने काढलेला चेहरा परत त्याच आर्कफेसमधून घालायचा आणि येणारी दिशा सोर्सच्या दिशेशी किती जुळते ते कोसाइनने मोजायचं, १ म्हणजे तंतोतंत तीच दिशा, ० च्या आसपास म्हणजे काही संबंध नाही, आणि हाच आयडी स्कोअर. खरं स्टिअरिंग इथे होतं, कारण ग्रेडियंट आर्कफेसमधून उलटा वाहत जनरेटरला सांगतो की हा पिक्सेल असा सरकव म्हणजे नेटवर्कला हा तोच माणूस वाटेल.

```python
z_out = F.normalize(arc(to_arc(out)), dim=1)
loss_id = (1 - (z_out * z_src).sum(1)).mean()
```

आर्कफेस गोठवलाय म्हणून या ओळीभोवतीही कोणी `torch.no_grad()` लावू नका. वजनांना ग्रेडियंट नको, पण `out` ला हवाच, नाहीतर लॉस नुसता छापला जातो आणि शिकत कोणीच नाही. आणि आर्कफेस चुकून ट्रेन मोडमध्ये गेला तर त्यातल्या बॅचनॉर्मची सरासरी हळूहळू सरकते, मग ज्या मोजपट्टीने मोजताय तीच बदलत राहते, त्यामुळे प्रत्येक वेळी `arc.eval()`.

आता वरच्या कोडमधलं `to_arc`. यात माझे पहिले तीन दिवस गेले. आधी तिथे नुसतं २२४ चं ११२ केलेलं होतं, बस. पण आर्कफेस शिकलाय तो पाच बिंदूंनी बसवलेल्या चेहऱ्यांवर, ११२ च्या चौकटीत डावीकडचा डोळा साधारण (३८.३, ५१.७) ला आणि उजवीकडचा (७३.५, ५१.५) ला, म्हणजे दोन डोळ्यांत ३५ पिक्सेल. माझा क्रॉप मी मुद्दाम मोठा ठेवला होता, कपाळ हनुवटी सगळं यावं म्हणून, आणि त्यात लहान केल्यावर डोळ्यांतलं अंतर भरलं २७. चेहरा लहान, भोवती केस आणि भिंत. नेटवर्क एरर देत नाही, व्हेक्टर निमूटपणे देतं, पण तो मळका व्हेक्टर असतो.

हे पकडायला ट्रेनिंग लागत नाही, दहा मिनिटांचं काम आहे. एकाच माणसाचे दोन फोटो घ्या आणि दोन अनोळखी माणसांचे दोन, दोन्ही जोड्यांचा कोसाइन काढा. माझ्या मोठ्या क्रॉपवर तोच माणूस ०.५१ आणि अनोळखी ०.२३. नीट बसवलेल्या क्रॉपवर तोच माणूस ०.६८ आणि अनोळखी ०.०३. अनोळखी जोडी शून्याच्या आसपास नसेल तर क्रॉप, रंगांचा क्रम किंवा नॉर्मलायझेशन यातलं काहीतरी चुकलंय असं समजाच (आरजीबीच्या जागी बीजीआर गेलं तर इतकी मोठी दरी पडत नाही, म्हणून ते जास्त दिवस लपून राहतं). आता `to_arc` मध्ये टार्गेटचे पाच बिंदू घेऊन अफाइन काढतो आणि `grid_sample` ने आउटपुटमधून नेमका तेवढाच तुकडा उचलतो, त्यातून ग्रेडियंटही वाहतो.

हे केल्यावर आयडी लॉस सरसर खाली आला. दोन दिवसांत माझ्या टेस्ट व्हिडिओवर सरासरी कोसाइन ०.८६. मी खूश, रात्रीच मामीला क्लिप पाठवली, काही न सांगता. सकाळी तिचा फोन. "अरे हा कोण? आपल्यातलाच वाटतोय, पण आपला दादू नाही हा." मी म्हटलं मामी नीट बघ, डोळे बघ. "डोळे त्याचेच आहेत रे, पण जबडा तुझा आहे. आणि कातडी कशी चरचरीत दिसतेय."

तिचं बोलणं मी वहीत लिहून ठेवलं, कारण एका वाक्यात तिने दोन वेगळे बिघाड सांगितले होते.

आधी चरचरीत कातडी. मी जे आधीच करायला हवं होतं ते आता केलं, मामेभावाच्या १४ खऱ्या फोटोंच्या सगळ्या ९१ जोड्यांचे कोसाइन काढले. मधला आकडा ०.६६, सगळ्यात जास्त ०.७९. म्हणजे माझा स्वॅप त्याच्या सोर्स फोटोशी जितका जुळतोय तितके त्याचे स्वतःचे दोन फोटोही एकमेकांशी जुळत नाहीत! असं खऱ्या चेहऱ्याने होत नाही, हे जनरेटरने परीक्षकाची नस ओळखल्याचं लक्षण आहे. कातडीवर बारीक पोत उमटवून, भुवयांच्या कडा ओढून आर्कफेसला हवा तो आकडा मिळतो, आणि माणसाच्या डोळ्याला ते खरखरीत दिसतं. खात्री करायला वेगळ्या पद्धतीने शिकलेलं दुसरं रेकग्निशन नेटवर्क आणलं, जे ट्रेनिंगमध्ये कुठेच नव्हतं. त्याच्या मते खरे फोटो आपसात ०.५८ आणि माझा स्वॅप ०.३७. दोन नेटवर्कचे आकडे थेट एकमेकांशी ताडू नका, प्रत्येकाची पट्टी वेगळी असते, प्रत्येक नेटवर्कमध्ये स्वॅपला त्याच नेटवर्कच्या खऱ्या फोटोंशी ताडायचं. फेसशिफ्टर आणि सिमस्वॅप दोन्ही पेपरमध्ये मोजायला वेगळं नेटवर्क वापरलंय ते याच कारणासाठी, आणि मला ते इतके दिवस फक्त टेबलातला एक कॉलम वाटत होतं.

दुरुस्ती दोन केल्या. एक, आयडी लॉसचं वजन. सिमस्वॅपच्या पेपरमध्ये ते १० आहे, मी लोभाने ३० केलं होतं, ते परत १० वर आणलं. ३० वर असताना अजून एक होत होतं, मी हसलो तरी स्वॅपमधले ओठ सोर्स फोटोसारखे मिटायला बघायचे. आर्कफेसने हावभाव टाकून द्यायला शिकायला हवं, आणि बहुतांशी शिकतोही, पण पूर्ण नाही, थोडा हावभाव, थोडी मान, चष्मा हे सगळं त्या ५१२ आकड्यांत झिरपतंच. १४ पैकी ३ फोटोंत दादूला चष्मा आहे आणि त्यातला एक सोर्स म्हणून दिला की डोळ्याखाली पुसट कमान उमटते, फ्रेम नाही पण फ्रेमची सावली म्हणा.

त्यावरूनच दुसरी दुरुस्ती सुचली. लॉसमध्ये एका फोटोच्या दिशेऐवजी त्या माणसाच्या बऱ्याच फोटोंची सरासरी दिशा ठेवली (प्रत्येक व्हेक्टरची लांबी १ करून बेरीज, मग परत लांबी १). व्हीजीजीफेस२ मध्ये एकेका माणसाचे शेकड्यांनी फोटो आहेत त्यामुळे हे सहज जमतं. जनरेटरला आत मात्र एकाच फोटोचा व्हेक्टर देतो, पण बक्षीस सरासरीच्या जवळ जाण्याचं. त्या विशिष्ट फोटोतला चष्मा, उजेड, मान यांचा पाठलाग करून आता काही मिळत नाही, कारण सरासरीत ते एकमेकांना खाऊन टाकतात. आता ट्रेनिंगवालं नेटवर्क म्हणतंय ०.७१ आणि परकं नेटवर्क ०.५२. पहिला आकडा पडला, दुसरा चढला, आणि मला नेमकं हेच हवं होतं. चष्म्याची कमानही गेली.

जबडा मात्र अजून माझाच आहे. आणि हे वजनं फिरवून जाणार नाही असं माझं ठाम मत झालंय. आर्कफेसच्या चौकटीत हनुवटी खालच्या कडेला जेमतेम मावते, कपाळ बरंचसं कापलं जातं, म्हणजे चेहऱ्याच्या बाहेरच्या रेषेबद्दल त्या व्हेक्टरमध्ये मुळात कमी माहिती. जी आहे तीही `gamma`, `beta` मधून अख्ख्या चॅनलवर सारखी पसरते, आणि "कुठे" हे माझ्या चेहऱ्यावरून येतं. दादूचा जबडा रुंद, माझा निमुळता, आणि तो रुंद करायचा तर पिक्सेल मागच्या भिंतीवर सरकवायला हवेत, तर फीचर मॅचिंगचा लॉस तिथेच हात धरतो की टार्गेट बदलू नकोस. २०२१ च्या हायफायफेस या पेपरने यासाठी आर्कफेसच्या जोडीला ३डी चेहऱ्याच्या मॉडेलचे आकाराचे आकडे दिलेत, सोर्सचा आकार आणि टार्गेटचा हावभाव व मान असं एकत्र करून.

पुढचा आठवडा त्यातच जाणार. ३डी फिटिंगचा कोड चालू झालाय, दादूच्या १४ पैकी ११ फोटोंवर आकार एकसारखा येतोय, चष्मेवाले तीन अजून भरकटतात. सध्या ते तीन बाजूला ठेवून ११ ची सरासरी घेतोय. तयार झालं की क्लिप आधी मामीला.