पंपसेटची नोंद ४: ९६ आणि १०० हर्ट्झ वेगळे करताना

या वेळचा पंप तापीकाठच्या एका उपसा पाइपलाइनवरचा आहे. पाणी रावेरकडच्या केळीला जाते. मोटर थ्री-फेज, दोन पोलची, पंपाला कपलिंगने जोडलेली. टॅकोमीटरवर २८८० फेरे, म्हणजे सेकंदाला ४८. तक्रार एकच, बेस थरथरतो.

दोन पोलच्या मोटरमध्ये एक पेच असतो. कपलिंगची रेष चुकली असेल तर फेऱ्यांच्या दुप्पट कंपन वाढते, इथे ९६ हर्ट्झला. स्टेटरचे चुंबकीय ओढणे मात्र लाइनच्या दुप्पट, १०० हर्ट्झला दिसते. दोन्हींत अंतर फक्त ४ हर्ट्झ. हाताला किंवा कानाला ते वेगळे कळत नाहीत. मिस्त्रीला कपलिंग उघडायला सांगायचे की मोटर वाइंडरकडे पाठवायची, हे त्या ४ हर्ट्झवर ठरते.

कंपन मोजणारा सेन्सर ADXL345, कपलिंगच्या बाजूच्या बेअरिंग हाउसिंगवर स्क्रूने घट्ट बसवलेला, दिशा आडवी. वेग सेकंदाला ८०० नमुने. नमुने एकेक न वाचता सेन्सरच्या FIFO मधून गठ्ठ्याने काढले, कारण मायक्रोकंट्रोलर मध्येच दुसऱ्या कामात अडकला की एकेक वाचताना वेळ हलते आणि वर्णपटातल्या रेषा पसरतात. सेन्सरचे अंतर्गत घड्याळही अगदी ८०० वर नसते. नोंद चालू असताना नमुने मोजून घड्याळाच्या वेळेने भागले आणि निघालेला वेग `fs` म्हणून दिला. खालचे आकडे सोयीसाठी ८०० धरून आहेत. नोंद ६४ सेकंदांची, एकूण ५१,२०० नमुने.

पहिला मोह असतो सगळ्या ५१,२०० नमुन्यांचा एकच FFT घेण्याचा. त्यात बिन, म्हणजे वारंवारतेचे कप्पे, फार बारीक मिळतात, पण आलेख काटेरी झुडपासारखा येतो. एकाच पिरिओडोग्राममध्ये गोंगाटाच्या प्रत्येक बिनचे प्रमाण विचलन त्याच्या सरासरीइतकेच, म्हणजे १००% असते. नोंद दहापट लांब केली तरी ते कमी होत नाही. नवी माहिती नव्या बिनांमध्ये वाटली जाते. त्या काट्यांमधून खरी रेषा कुठली आणि योगायोगाचा काटा कुठला, हे सांगता येत नाही.

पीटर वेल्च यांनी १९६७ मध्ये मांडलेली पद्धत इथे कामाची. नोंदीचे एकमेकांवर चढणारे तुकडे पाडा, प्रत्येकाला विंडो लावा, प्रत्येकाचा शक्ती-वर्णपट काढा आणि त्या वर्णपटांची सरासरी घ्या. तुकडा आखूड केला की तुकड्यांची संख्या वाढते आणि आलेख गुळगुळीत होतो, पण जवळच्या रेषा एकमेकींत मिसळतात. लांब केला की रेषा सुट्या होतात आणि तळ पुन्हा काटेरी होतो. नोंद ६४ सेकंदांचीच असल्याने दोन्ही एकदम मिळत नाही.

```python
f, P = signal.welch(x, fs, window='hann',
        nperseg=1024, noverlap=512,
        detrend='constant', scaling='density')
```

`nperseg` दिला नाही तर SciPy २५६ धरते. त्यात बिन ३.१२५ हर्ट्झचा पडतो, आणि ९६ व १०० मध्ये सव्वा बिनच उरतो. हॅन विंडोत एका रेषेचा मुख्य उंचवटा ४ बिन रुंद असतो, म्हणून आलेखात एकच गोल टेकडी दिसते. ५१२ वर अंतर अडीच बिन होते आणि दरी पडू लागते, पण दोन्ही टेकड्यांचे पाय अजून एकमेकांत असतात. १०२४ वर बिन ०.७८ हर्ट्झ, अंतर ५.१२ बिन. इथे त्या पूर्ण सुट्या झाल्या. नियम सोपा: दोन रेषांमधले अंतर निदान ४ बिन हवे.

१०२४ चे, अर्धे एकमेकांवर चढलेले ९९ तुकडे बसतात. हॅन विंडोत शेजारच्या तुकड्यांचा संबंध इतका कमी असतो की विचलन साधारण १.०५/९९ चे वर्गमूळ, म्हणजे सुमारे १०% येते. २०४८ घेतले तर ४९ तुकडे आणि १५%. ८१९२ वर फक्त ११ तुकडे आणि ३१%. ओव्हरलॅप का, तर विंडो तुकड्याची टोके दाबून टाकते आणि तो डेटा वाया जातो. २०४८ चे तुकडे न चढवता घेतले तर २५ च बसतात आणि विचलन २०% राहते. मात्र ७५% चढवून तुकडे ९७ केले तरी विचलन १४% च्या आसपासच थांबते. तुकड्यांची संख्या पाहून फसू नका, तीच माहिती पुन्हा पुन्हा मोजली जात असते.

हा १०% गोंगाटाच्या तळाला लागू आहे, ठळक रेषेच्या उंचीला नाही. रेषेची उंची दुसऱ्याच कारणाने हलते. ती दोन बिनांच्या मधोमध पडली तर हॅनमध्ये टोक १.४ dB पर्यंत खाली दिसते. शिवाय `density` मध्ये `nperseg` दुप्पट केला की रेषेचे टोक ३ dB वर जाते आणि तळ जागेवर राहतो. वेगळ्या लांबीच्या आलेखांतली टोके शेजारी ठेवून "कंपन वाढले" म्हणणे ही नेहमीची चूक. त्यापेक्षा टोकाचा बिन आणि दोन्ही बाजूंचे दोन-दोन अशा पाच बिनांची बेरीज करून ती बिनच्या रुंदीने गुणा. १०२४ वर दोन्ही रेषांचे पाच-पाच बिन एकमेकांत जात नाहीत, म्हणून बेरीज स्वच्छ येते.

या पंपात ९६ ची बेरीज १०० च्या सहापट निघाली, जवळजवळ ८ dB. कपलिंगला डायल गेज लावून मोटरच्या पायाखाली शिम घातल्यावर, त्याच व्हॉल्व्हवर आणि त्याच जागी सेन्सर ठेवून पुन्हा नोंद घेतली. ९६ ची शक्ती पाचव्या हिश्शावर आली, १०० ची जवळपास तीच राहिली. वाइंडरकडे जायची गरज पडली नाही.

८१९२ ही करून पाहिले. बिन ०.१ हर्ट्झचा, पण ९६ ची रेषा बारीक होण्याऐवजी तीन-चार कोंभांत फुटली. हा बिघाड नव्हे. शेतीच्या फीडरवर व्होल्टेज खाली-वर होते, त्याबरोबर स्लिप बदलते, आणि फेरे सेकंदाला ०.२ ने हलले तरी दुपटीत ते ०.४ हर्ट्झ, म्हणजे चार बिन होतात. खात्री करायची असेल तर नोंदीचे दोन भाग वेगळे काढून टोक सरकते का पाहा. ग्रिडची वारंवारताही ४९.९० ते ५०.०५ च्या पट्ट्यात फिरत राहते. तेव्हा इथे ८१९२ इतक्या लांब तुकड्यांत काही हाती लागत नाही. `nfft` वाढवून शून्ये जोडली तरी वक्र फक्त मऊ दिसतो, रेषा सुट्या होत नाहीत.

फुटव्हॉल्व्ह तुंबल्यावर पंपाला पाणी कमी पडू लागते तेव्हा मात्र उलटे करा. तिथे रेषा नको, २०० ते ३५० हर्ट्झचा सगळा तळ किती उचलला ते हवे. त्याच नोंदीवर २५६ चे ३९९ तुकडे चालवले की विचलन ५% वर येते आणि एका dB ची वाढही स्पष्ट कळते.

व्हॉल्व्ह अर्धा बंद केला तर भार उतरून फेरे २९४० पर्यंत चढतात आणि दुप्पट ९८ हर्ट्झ होते, १०० पासून फक्त २ हर्ट्झवर. तिथे १०२४ पुरत नाही. पुढच्या नोंदीत २०४८ वापरू, आणि १५% वरून पुन्हा १०% वर यायला नोंद १२८ सेकंदांची घेऊ.