तुम्ही विचारलंत म्हणून: इथे अक्षर नाही

"तुमच्या कथेतली नात आजोबांची वही वाचताना फिकट ओळींपाशी नुसती थांबते, 'इथे अक्षर नाही' म्हणते आणि पुढे जाते. लेखिका आहात ना तुम्ही, मग त्या जागा भरून का नाही टाकल्यात?"

कारण एकदा भरल्या होत्या. कथेत नाही, आबांच्या खाटेशी बसून, मोठ्याने.

कथा पहिल्यांदा पाठवली तेव्हा एका संपादकांनी समासात लिहून दिलं होतं, "इथे थोडी कल्पनाशक्ती वापरा." नंतर वाचकांनी फोनवर विचारलं, मैत्रिणींनी विचारलं, कॉलेजातल्या मुलांनी विचारलं. दर वेळी मी काहीतरी थातुरमातुर उत्तर दिलं. आज नीट सांगते.

आबा, माझे आजोबा, बोटीवर सुखाणी होते. बोटीचं खरं लॉगबुक कंपनीचं असतं आणि ते ऑफिसर लिहितात. आबांची ती स्वतःची वही. सुकाणावर दोन तास, मग बोटीच्या पाठीमागे जाऊन मैल मोजणाऱ्या लॉगची तबकडी वाचायची, वर येऊन आकडा सांगायचा. पहारा संपला की तेच सगळं खाली बंकवर बसून वहीत उतरवायचं. तारीख, पहारा, कोर्स, लॉग, वारा आणि शेवटी रुंद रकाना: शेरा. दुपारी बाराचा आकडा, म्हणजे चोवीस तासांत बोट खरोखर किती मैल पुढे आली तो, ते सेकंड मेटला विचारून लिहीत.

कथेत जी सफर आहे ती 1967 ची. जूनमध्ये सुवेझ बंद झाला आणि मुंबईहून लिव्हरपूलला जाणाऱ्या त्यांच्या बोटीला आफ्रिकेला खालून वळसा घालावा लागला. त्या वाटेने आबा पहिल्यांदाच निघाले होते.

वही आता नाही. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या घरात माळ्यापर्यंत चढलं, तेव्हा ती गेली. त्याआधी दोन महिने माझ्या चुलतभावाने मोबाइलवर तिचे फोटो काढून मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले होते. रात्री, फ्लॅश लावून. मूळ फोटो त्याच्या जुन्या फोनबरोबर गेले. माझ्याकडे राहिले ते व्हॉट्सअ‍ॅपने दाबून बारीक केलेले. पेन्सिलीची पानं आजही लख्ख वाचता येतात, कारण पेन्सिलीचं शिसं ओलीने विरघळत नाही. पेनच्या निळ्या शाईची पानं मात्र आधीच ओल खाऊन फिकी पडली होती, आणि जे काही उरलं होतं त्यावर फ्लॅशचा पांढरा डाग. वही हातात असती तर अंधाऱ्या खोलीत एका बाजूने, कागदाला जवळजवळ टेकवून विजेरी धरता आली असती. शाई उडाली तरी टाकाचा दाब कागदात उरतो आणि तिरप्या उजेडात त्याची सावली पडते. फोटोत ती सावली नाही. हे मला वही गेल्यावर कळलं.

पुरानंतर आबा आमच्याकडे पुण्याला आले. डोळ्यांच्या पडद्याच्या आजाराने त्यांना समोरचं दिसत नसे, कडेचं तेवढं दिसे. दिवसभर गप्प असायचे. म्हणून संध्याकाळी मी लॅपटॉप घेऊन बसायला लागले. "वाच गो बाय," म्हणायचे आणि मान भिंतीकडे वळवून ऐकायचे.

5 ऑगस्टची नोंद आली. रात्री 12 ते 4 चा पहारा. कोर्स दिसत होता, पुढे काहीच नाही. शेऱ्याच्या तीन ओळी पूर्ण पांढऱ्या. मी थांबले. त्यांनी विचारलं, "काय झालं?" त्यांच्या आवाजात काळजी होती. आदल्या आठवड्यात घर गेलं होतं, आता वहीसुद्धा कुठेकुठे संपतेय हे मला त्यांना सांगवलं नाही.

मी आधी हिशेब करून ठेवला होता, म्हणून माझी जीभ रेटली. 3 तारखेच्या दुपारी बोट दक्षिण आफ्रिकेतल्या ईस्ट लंडन बंदराच्या जरा अलीकडे होती. नकाशावर मोजलं तर तिथून अगुल्हास, म्हणजे आफ्रिकेचं अगदी दक्षिणेचं टोक, सुमारे 445 मैल. लॉगवर चोवीस तासांत 281 मैल, म्हणजे तासाला पावणेबारा. या वेगाने 5 तारखेच्या पहाटे दोनला बोट बरोबर अगुल्हाससमोर येते. आबांच्याच पहाऱ्यात. मी वाचलं, "अगुल्हासचा दिवा दिसला. आफ्रिका संपली. वारा पडला."

आबा हसले. कित्येक दिवसांनी हसले. म्हणाले, "हां. दिसला होता."

त्या हसण्यासाठी मी हे केलं, आणि तसलं हसणं ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांनी मला चटकन दोषी ठरवू नये, असं मला अजून वाटतं. चार-सहा शब्द होते. कुणाचं काय गेलं त्यात? असं मी तेव्हा स्वतःला विचारत होते, आणि त्या वेळच्या मला माझं आजही पटेलसं उत्तर देता येत नाही.

पुढच्या दोन महिन्यांत भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला आबा तो दिवा सांगायला लागले. आधी नुसता दिवा. मग त्यात सुकाणावर सोबत उभा असलेला हर्णैचा खलाशी आला. मग थंडी आली, मग चहा. माझी खोटी ओळ त्यांच्या डोक्यात रुजली आणि तिला फांद्या फुटल्या. मला ऐकवेना. त्यातला खलाशी कदाचित खरा होता, चहाही खरा असेल. पण कुठल्या रात्रीचा, हे आता मला ओळखता येणार नव्हतं, आणि त्यांनाही नाही.

मग मी वही पुन्हा पहिल्यापासून वाचली, एकटीने. दोन गोष्टी सापडल्या, ज्या मला आधीच दिसायला हव्या होत्या.

पहिली: आबांनी दिवा दिसल्याचं कधीच नुसतं लिहिलेलं नाही. प्रत्येक दिव्यापुढे सेकंद आहेत. रात्री किनाऱ्यावरचा दिवा कुठला हे ओळखायला दोन लखलखींमधलं अंतर मोजतात. माझ्या ओळीत सेकंद नव्हते. ती सुखाण्याची ओळच नव्हती.

दुसरी: 4 तारखेच्या दुपारचा आकडा. लॉगवर 281 आणि त्याच्या खाली, पेन्सिलीने, 340. मी तो आकडा चुकून लिहिलेला समजून सोडून दिला होता. चूक माझी होती. पाठीमागे दोरीने ओढत नेलेला लॉग बोट पाण्यातून किती गेली ते मोजतो. पाणीच पुढे जात असेल तर ते त्याला कळत नाही. आफ्रिकेच्या त्या काठाने अगुल्हासचा प्रवाह नैऋत्येला धावतो. 340 वजा 281, म्हणजे 59 मैल बोट फुकटात पुढे आली होती, तासाला जवळजवळ अडीच. तेव्हा 4 च्या दुपारी अगुल्हास फक्त 105 मैल उरलं होतं. त्याच वेगाने ते रात्री नऊच्या आतच मागे पडलं असणार आणि आबांचा पहारा बाराला सुरू झाला. दिवा गेला तेव्हा ते खाली झोपलेले असणार.

त्यानंतर एका फोटोग्राफर मित्राने सांगितल्यावर मी त्या पानाच्या फोटोतला लाल थर वेगळा काढून पाहिला. निळी शाई लाल उजेड शोषून घेते, त्यामुळे नुसत्या डोळ्यांना न दिसणारी शाईसुद्धा त्या थरात कधीकधी राखाडी होऊन वर येते. तिसऱ्या ओळीच्या शेवटी तीन अक्षरांएवढी राखाडी रेघ होती. 'ना' स्पष्ट, 'ही' अर्धा. त्याआधी एक काना. पाठच्या पानावरची शाई उमटली असती तर अक्षर उलटं दिसलं असतं. हे सुलटं होतं.

नाही. पण काय नाही? दिवा दिसला नाही? झोप आली नाही? पत्र नाही?

मी आबांना सांगितलं. सांगायला नको होतं असं माझी आई म्हणते, अजून म्हणते. मी सगळं सांगितलं, तीन ओळी, माझा हिशेब, प्रवाह, 'नाही'. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग विचारलं, "आधीची पानंपण तूच भरलीस?"

मी नाही म्हटलं. ते खरं होतं, पण त्यांनी ते मानलं की नाही ते मला कळलं नाही. मग ते म्हणाले, "बरं. मग मला दिसतं ते काय?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आणि कल्पनाशक्ती वापरा म्हणणाऱ्यांना मी हेच विचारते: तो प्रश्न तुमच्या आजोबांनी तुम्हाला विचारला असता तर?

नंतर नऊ दिवस वाचन बंद होतं. दहाव्या दिवशी त्यांनी स्वतःच हाक मारली, म्हणाले, जिथे नाही तिथे नाही म्हण. तेव्हापासून मी म्हणायला लागले, "इथे अक्षर नाही. तीन ओळी." ते तेवढा वेळ गप्प राहत, साधारण तीन ओळी वाचायला लागेल तेवढाच, आणि मग म्हणत, "हां, पुढे." कथेत मी ते जसंच्या तसं घेतलं आहे. तिथे एक शब्दही माझा नाही.

माझा हिशेबही पक्का नाही, हे मला सांगायलाच हवं. 4 च्या दुपारनंतरचा लॉगसुद्धा पुसलेला आहे. ऑगस्ट म्हणजे तिकडे हिवाळा. नैऋत्येचं वादळ प्रवाहावर उलटं चालून आलं तर तिथे उभ्या भिंतीसारख्या लाटा उठतात आणि बोटींना वेग उतरवावा लागतो. वेग तासाला साडेसातवर आला असेल तर 105 मैलांना चौदा तास लागतात. दुपारी बारा अधिक चौदा. पुन्हा पहाटेचे दोन.

शेवटच्या हिवाळ्यात एकदा मी वाचत नव्हते, नुसती बसले होते. आबांनी आपणहून दिव्याचं काढलं. खाटेच्या पट्टीवर बोट आपटलं, थांबले, परत आपटलं. "पाच," म्हणाले. "पाच सेकंद." मी नंतर दीपगृहांच्या यादीत पाहिलं. आज अगुल्हासपुढे पाच सेकंदच लिहिलेत. पण सुवेझ 1975 पर्यंत बंद होता आणि त्या आठ वर्षांत आबा त्या टोकावरून कितीतरी वेळा गेले.

मी त्यांना विचारलं, "आबा, ही कुठल्या सफरीतली?"

त्यांनी बोट पुन्हा आपटलं आणि मोजत राहिले.