नव्या फोनवर बैल मागे का पडत होते

गेल्या हिवाळ्यात मी अमरावती जिल्ह्यातल्या आमच्या गावी राहून शंकरपटाचा एक मोबाइल गेम बनवत होतो. आमच्याकडचा पट एकेका जोडीचा असतो. जोडी सुटते, घड्याळ लागतं, आणि कमी वेळात पोचेल ती पुढे. गेमही तसाच होता. १५० मीटरची सरळ धाव, बोट दाबून ठेवलं की बैल जोर लावतात, बोट उचललं की सैल पडतात. माझ्या जुन्या फोनवर महिनाभर चालवून पाहिला होता. एका रविवारी सकाळी वाचनालयाच्या ओट्यावर पोरांना गोळा केलं आणि प्रत्येकाच्या फोनवर गेम टाकून दिला.

अर्ध्या तासात भांडण लागलं. नववीतल्या एका पोराकडे त्याच्या मोठ्या भावाचा नवाकोरा फोन होता. त्याची जोडी दर वेळी १९ सेकंदांच्या आसपास पोचायची. बाकीच्यांची १३ सेकंदांत. "भाऊ, माह्या मोबाइलवर बैल पयतच नाही. हे पाय," म्हणून त्यानं फोन माझ्या हातात दिला. मी स्वतः खेळलो, १९ सेकंद. जास्त ताकदीच्या फोनवर बैल हळू, हे काही केल्या पटेना.

फोनच्या सेटिंगमध्ये गेलो तेव्हा पत्ता लागला. त्याचा स्क्रीन सेकंदाला ९० वेळा चित्र बदलत होता, बाकी सगळ्यांचे ६० वेळा. माझा हिशोब प्रत्येक चित्रामागे एकदा चालायचा, आणि त्यात या दोन ओळी होत्या:

```
v += a * frameTime
v *= 0.98
```

पहिली ओळ बरोबर आहे. चित्रं जास्त असली तर प्रत्येकाचा वेळ कमी, म्हणून वेगात पडणारी भर शेवटी सारखीच. दुसरी ओळ मातीची ओढ. तिच्यात वेळ कुठेच नाही. ६० हर्ट्झवर सेकंदाला ६० वेळा वेगातले दोन टक्के कापले जात होते, ९० हर्ट्झवर ९० वेळा. मी `a` १५ धरला होता. कागदावर मांडलं तर ६० हर्ट्झवर जोडीचा सर्वात जास्त वेग १२.२५ मीटर प्रति सेकंद निघतो आणि ९० हर्ट्झवर ८.१७. स्क्रीन १२० हर्ट्झचा असता तर थेट निम्मा, ६.१३. पोराची तक्रार अक्षरशः खरी होती.

दुसऱ्या ओळीत वेळेचा घातांक घालून ही एक गोष्ट सावरता आली असती. पण पुढे खड्डे होते, धुऱ्यावरून चाक उसळणं होतं, आणि तो प्रत्येक हिशोब किती बारीक तुकड्यांत होतो यावर त्याचं उत्तर थोडं हलतं. जिथे निकाल सेकंदाच्या शंभराव्या भागावर लागतो तिथे असं थोडंसं हलणंही मला चालणार नव्हतं. म्हणून दुपारी घरी येऊन भौतिकीचा हिशोब स्क्रीनपासून तोडला. हिशोबाचं पाऊल कायम १/६० सेकंदाचं. चित्रामागे जेवढा वेळ जातो तो एका साठ्यात जमा करायचा, साठ्यात पावलाएवढा वेळ झाला की एक पाऊल टाकायचं आणि तेवढा वेळ वजा करायचा. शर्यतीचं घड्याळही पावलांवरच मोजायचं.

संध्याकाळी दोन्ही फोन शेजारी ठेवून बोट दाबून धरलं. दोन्हींवर ७८४ पावलं, म्हणजे १३.०७ सेकंद. सगळ्या प्रोसेसरवर शेवटच्या दशांशापर्यंत आकडे जुळतीलच असं नाही, पण या दोघांवर जुळले.

शेजारचे काकाजी बाजेवर बसून पाहत होते. तरुणपणी त्यांनी पटात जोड्या हाकल्या आहेत. नव्या फोनकडे बराच वेळ पाहून ते म्हणाले, "वेळ बराबर हाये रे, पण बैल दचकत दचकत चालते." जुन्या फोनवर तसं नव्हतं. मी परत नीट पाहिलं, आणि खरंच, छकडा हलकेच थरथरत पुढे जात होता.

हा थरथराट डोळ्यांनी पकडणं अवघड, पण मोजणं सोपं. प्रत्येक चित्रामागे किती पावलं पडली ते मी छापून घेतलं. नव्या फोनवर ओळ आली: १, १, ०, १, १, ०. तीन चित्रांत दोनच पावलं. पूर्ण वेगात एका पावलात छकडा २० सेंटिमीटर सरकतो. म्हणजे स्क्रीनवर तो २०, मग २०, मग शून्य असा जात होता, जेव्हा दर चित्राला सारखे साडेतेरा जायला हवे होते. जे चित्र शून्य सरकतं तेच काकाजींचं दचकणं.

पाऊल बारीक केलं तरी दुखणं फक्त लहान होतं, जात नाही, कारण पावलं आणि चित्रं यांचा मेळ दर फोनवर वेगळा. खरा उपाय असा की साठ्यात उरलेला वेळ वाया घालवायचा नाही. मागच्या पावलाची आणि आताच्या पावलाची, दोन्ही जागा जपायच्या आणि उरलेल्या वेळेच्या प्रमाणात त्यांच्या मधली जागा काढून तिथे छकडा रंगवायचा:

```
acc += min(frameTime, 0.25)
while (acc >= dt) {
    prev = curr
    curr = step(curr, dt)
    acc -= dt
}
alpha = acc / dt
draw(prev * (1 - alpha) + curr * alpha)
```

९० हर्ट्झवर `alpha` साधारण ०.६७, ०.३३, ० असा फिरतो आणि छकडा दर चित्राला तेच साडेतेरा सेंटिमीटर जातो. रंगवलेली जागा फक्त डोळ्यांसाठी आहे, ती हिशोबात परत कधीच घालायची नाही. याची किंमत एवढीच की स्क्रीनवर दिसतं ते हिशोबाच्या एक पाऊल मागचं असतं, फार तर १७ मिलिसेकंद. ०.२५ ची मर्यादा मी सुरुवातीला घातली नव्हती. आईचा शेतातून फोन आला, बोलून परत गेममध्ये आलो तर दीड मिनिटाचा साठा जमलेला, आणि पाच हजारांवर पावलं एकदम टाकताना गेम गोठला. म्हणून ती आली.

एवढं करून काकाजींना दाखवलं. छकडा गुळगुळीत झाला होता, पण आता मागची झाडं आणि कडेचे दोर थरथरत होते. यात माझा पाऊण तास गेला. छकडा मधल्या जागेवर रंगवत होतो, कॅमेरा मात्र अजून `curr` च्या मागे धावत होता. त्यामुळे कॅमेरा पूर्वीसारखाच पावला-पावलानं उडी मारत होता आणि सगळी जमीन त्याच्याबरोबर हलत होती. कॅमेऱ्याला रंगवलेल्या जागेवर बांधलं, तेव्हा दोर थांबले. नवी शर्यत सुरू करताना छकडा एका चित्रापुरता धावेच्या मधोमध चमकून जायचा, तेही याच प्रकारातलं. जागा बदलताना `prev` जुनाच राहत होता. उडी मारताना दोन्ही एकदम बदलायचे.

रात्री नऊला वीज गेली. अंधारात फोनच्या उजेडात काकाजींनी तीनदा जोडी पळवली. तिसऱ्यांदा त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेऊन फक्त चाकाकडे पाहिलं. "आता चाक मातीले लागून हाये," म्हणाले, आणि फोन परत देण्याऐवजी चौथ्यांदा बोट दाबलं.